निरोपाच्या दहा ओळी

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीचं, म्हणजे बी. फार्मचं, सहावं सत्र संपलं की विद्यार्थी कारखान्यात किंवा रुग्णालयात प्रशिक्षणाला जातात. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार सातवं सत्र सुरू होण्याआधी चार आठवड्यांत किमान 150 तास भरावे लागतात. अहवाल आणि संस्थेचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र कॉलेजात द्यावं लागतं. निरोपाचा संदेश मात्र कुणी मागत नाही, त्यामुळे तो शेवटच्या संध्याकाळी गेटबाहेर उभं राहून घाईघाईत लिहिला जातो. गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात अनेक वर्षं मी प्रशिक्षणार्थींच्या वह्या तपासत आले आहे आणि असे बरेच संदेश मला आले आहेत. त्यांतले जे लक्षात राहिले, त्यांत एक गोष्ट सारखी होती: कुणी, कोणती कृती शिकवली हे त्यांत लिहिलेलं होतं.

आधी वही उघडा

संदेशाचा मजकूर सुचत नसेल तर तो प्रशिक्षणाच्या वहीत सापडतो. चार आठवड्यांत विद्यार्थी गोदाम, उत्पादन, पॅकिंग, गुणवत्ता तपासणी अशा चार-पाच विभागांतून फिरतो आणि वीसेक माणसं त्याला काही ना काही सांगतात. शेवटचा दिवस यायच्या दोन दिवस आधी वही चाळावी आणि प्रत्येक माणसासमोर एकच वाक्य लिहावं: यांनी मला काय करायला शिकवलं?

ज्यांच्यासमोर ठोस वाक्य येतं, त्यांची नावं संदेशात घ्यावीत. अशी नावं साधारण दोन ते चार निघतात. बाकीच्यांना भेटून नमस्कार करावा, तेवढं पुरतं. सगळ्या वीस जणांची नावं एकाखाली एक लिहिली की कुणाचेच आभार खरे वाटत नाहीत, आणि एखादं नाव राहून गेलं तर त्या माणसाला ते लागतं.

एक उदाहरण

गोळ्या कॉम्प्रेशन मशीनवरून उतरत असताना मधूनमधून त्यांची फ्रायबिलिटी तपासतात. गोळी वाहतुकीत घासून, आपटून किती झिजेल, हे त्यातून कळतं. नेहमीच्या वजनाच्या गोळ्या साधारण साडेसहा ग्रॅम भरतील इतक्या घेतात, त्यांच्यावरची भुकटी झटकतात, वजन करतात आणि फिरत्या ड्रममध्ये टाकतात. मिनिटाला 25 या वेगाने 100 फेरे झाले की गोळ्या बाहेर काढून पुन्हा झटकतात आणि पुन्हा वजन करतात. घट एक टक्क्याच्या आत हवी. पण घट कितीही कमी असली, तरी एखादी गोळी तडकलेली किंवा फुटलेली दिसली तर तो नमुना नापास होतो.

एका विद्यार्थिनीने दुसऱ्या आठवड्यात ही चाचणी पाहिली. ड्रममधून काढलेल्या गोळ्या ती थेट तराजूवर ठेवायला निघाली, तेव्हा तपासणीतल्या सरांनी तिला थांबवलं आणि एकेक गोळी उलटसुलट करून पाहायला लावलं. एका गोळीची वरची चकती सुटलेली होती. कारखान्यात याला कॅपिंग म्हणतात. दाब देताना भुकटीतली हवा अडकून राहणं, हे त्याचं एक नेहमीचं कारण. मशीन चालवणाऱ्या काकांनी तिला मशीनजवळ नेलं. वेग कमी केला आणि मुख्य दाबाच्या आधी हलका दाब दिला की हवेला निघून जायला वेळ मिळतो, हे त्यांनी हातांनी दाखवत समजावलं.

त्याच दिवशी स्वतःच्या वहीत आकडे लिहिताना तिने 6.25 चे 6.52 केले, तेही गिरवून. वही पाहणाऱ्या मॅडमनी तिला चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायला सांगितली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. औषध कारखान्यात नोंद खोडून किंवा गिरवून दुरुस्त करत नाहीत, कारण आधी काय लिहिलं होतं हे नंतर तपासणाऱ्याला दिसायला हवं.

सर, काका आणि मॅडम, अशा तीन माणसांनी तिला तीन कृती शिकवल्या. निरोपाचा संदेश एवढ्यातूनच तयार होतो.

पहिला मसुदा आणि त्यातल्या चुका

तिने आधी लिहिलं ते असं होतं:

> आदरणीय सर व मॅडम, आज माझ्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची सुवर्णसंधी मिळाली, हे माझं भाग्य. आपल्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल मी शतशः ऋणी आहे. बॅचमध्ये कॅपिंग आलं तो दिवस तर मी कधीच विसरणार नाही. काही चुकलं असल्यास क्षमस्व. भविष्यात जागा निघाल्यास जरूर कळवावे, सोबत बायोडेटा जोडत आहे.

पहिली तीन वाक्यं कुठल्याही कारखान्यात, कुणालाही पाठवता येतील. असा मजकूर ओळखायला सोपा आहे: नाव बदलून दुसऱ्या विभागाला पाठवला तरी तो तसाच चालतो. ‘अनमोल मार्गदर्शन’ लिहिलं तिथे ते मार्गदर्शन कोणतं होतं हे लिहिलं की वाक्य खरं होतं, आणि बहुतेक वेळा लहानही होतं.

चौथं वाक्य तिने प्रेमानेच लिहिलं होतं, पण तेच सर्वांत धोक्याचं. कोणत्या दिवशी, कोणत्या बॅचमध्ये काय बिघडलं ही कारखान्याची आतली माहिती असते. प्रशिक्षणार्थीला ती शिकण्यासाठी दाखवलेली असते. वैयक्तिक मेलवरून ती बाहेर पडली की कुणाकडे जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

शेवटच्या वाक्याने आभारांचा अर्जच झाला. नोकरीबद्दल विचारण्यात गैर काही नाही. ते वेगळ्या पत्रात, काही दिवसांनी, मनुष्यबळ विभागाला विचारावं. एकाच कागदावर दोन्ही आलं की वाचणाऱ्याला आधीचे आभार त्या विनंतीसाठीच मानल्यासारखे वाटतात. क्षमेच्या वाक्याचंही तसंच आहे. खरी चूक झाली असेल तर ती त्याच दिवशी सांगायची असते. निरोपात नुसतं ‘काही चुकलं असल्यास’ म्हटलं की त्यातून कुणालाच काही कळत नाही.

सुधारलेला मजकूर

तिने मग पुन्हा लिहिलं. माणसांची नावं मी इथे काढली आहेत.

> विषय: प्रशिक्षण पूर्ण झालं, आभार
>
> मॅडम आणि सर, नमस्कार.
>
> आज माझं चार आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण झालं.
>
> मॅडम, मी आकडा गिरवला होता तेव्हा तुम्ही एक रेघ, बरोबर आकडा, सही आणि तारीख अशी दुरुस्ती शिकवलीत. त्या दिवसापासून माझ्या वहीत एकही आकडा गिरवलेला नाही.
>
> सर, वजन करण्याआधी प्रत्येक गोळी पाहायची, हे तुम्ही मला थांबवून दाखवलंत. वजन बरोबर आलं तरी नमुना नापास होऊ शकतो, हे पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते त्या दिवशी.
>
> ओळखपत्र, ॲप्रन आणि लॉकरची चावी आज परत केली आहे. अहवाल तुम्ही तपासून दिल्यावरच कॉलेजात देईन.
>
> तुमची आभारी आहे.

खाली तिने पूर्ण नाव, कॉलेज आणि फोन नंबर लिहिला. गोळ्यांबद्दलचा धडा या मजकुरात आला आहे, पण तो कोणत्या उत्पादनावर, कोणत्या बॅचवर मिळाला याचा मागमूस नाही. पद्धत सगळ्या पाठ्यपुस्तकांत असते म्हणून ती लिहिता येते, आणि आपल्यासमोर घडलेली घटना कारखान्याची असते म्हणून ती वगळायची. उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, मशीनची मांडणी, पुरवठादार, तपासणीत निघालेल्या त्रुटी हे सगळं याच कारणाने बाहेर ठेवायचं.

प्रत्येकाच्या आभारात दोन भाग आहेत, हेही पाहण्यासारखं आहे. तुम्ही काय केलंत हे आधी येतं आणि त्यामुळे माझ्यात काय बदललं हे त्याच्यामागे. दुसरा भाग गाळला तर ते फक्त वर्णन होतं. शिकवणाऱ्याला उत्सुकता असते ती दुसऱ्या भागाची. आपण सांगितलेलं टिकलं का, हे त्याला एरवी कळतच नाही.

कधी आणि कसा पाठवावा

मेल शेवटच्या दिवशी दुपारी पाठवावा, वस्तू परत करून झाल्यावर पण माणसं अजून जागेवर असताना. परत करण्याची वाक्यं तेव्हाच खरी ठरतात, आणि एखादी वस्तू राहिली असेल तर त्याच दिवशी निस्तरता येते. प्रशिक्षणार्थीला बहुधा कंपनीचा मेल मिळत नाही, म्हणून स्वतःच्या मेलवर पूर्ण नाव दिसतंय ना, हे आधी पाहावं. ज्यांचे आभार मानले त्यांनाच तो जावा. सगळ्या विभागाला पाठवायची गरज नाही. मनुष्यबळ विभागाला प्रमाणपत्राबद्दल दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात.

विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल तर तिथे एका ओळीत निरोप घ्यावा आणि मगच ग्रुप सोडावा. न सांगता बाहेर पडलं की ते फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना निरोप मिळतच नाही.

ज्यांच्याकडे मेल जात नाही

या उदाहरणात मशीनवरच्या काकांचं नाव मेलमध्ये नाही. ते कामावर मेल पाहत नाहीत, आणि त्यांच्याविषयी साहेबांना लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. अशा माणसांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मशीनवरची माणसं पाळ्यांमध्ये काम करतात, आणि अनेक कारखान्यांत पाळी आठवड्याला बदलते. तुमच्या शेवटच्या दिवशी काका रात्रपाळीला असतील तर भेट होणारच नाही. म्हणून त्यांची पाळी आधी विचारून ठेवावी आणि ते दिवसा असतील त्या आठवड्यातच भेटावं.

त्या विद्यार्थिनीने एका छोट्या कागदावर हाताने लिहिलं: “काका, हवा निघायला वेळ द्यायचा, हे तुम्ही दाखवलंत. आता गोळी हातात घेतली की मी आधी तिची कड बघते.” खाली तिने सही आणि तारीख घातली. कागद त्यांना मशीनपाशी दिला नाही, कारण उत्पादनाच्या खोलीत बाहेरचा सुटा कागद नेत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या दारात दिला. काकांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.