चढ टक्क्यांत, कोन अंशांत

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातली बाल्डविन स्ट्रीट सर्वांत उभ्या भागात ३४.८ टक्के चढते. म्हणजे आडवं १०० मीटर अंतर कापताना रस्ता ३४.८ मीटर वर जातो. आडवं अंतर नकाशावरचं, चाकाखालचं नव्हे.

हा कोन किती? ३४.८ ला १०० नं भागून ०.३४८ घ्या आणि कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ दाबा. उत्तर सुमारे १९.२ अंश. ०.३३५ आलं, तर यंत्र रेडियनमध्ये आहे. ते DEG वर आणा.

१०० टक्के म्हणजे ४५ अंश, म्हणून त्रैराशिक मांडण्याचा मोह होतो. पण त्यानं १५.७ अंश येतात, चक्क चूक. घाटातल्या साध्या चढांना मात्र टक्के गुणिले ०.५७ पुरतं: १० टक्के म्हणजे ५.७ अंश.