घड्याळातली मॅरेथॉन आणि रस्त्यावरची

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली, की धावणाऱ्यांच्या गटांत हमखास एक प्रश्न फिरू लागतो: ‘तुझं घड्याळ किती दाखवतंय?’ कुणाचं ३ तास ४५ मिनिटं दाखवत असतं, कुणाचं ४ तास ५ मिनिटं. शर्यतीनंतर मात्र तेच लोक सव्वाचार, साडेचार, पाच तास अशा वेळा सांगतात. घड्याळाच्या आकड्याला काहीच आधार नसतो असं नाही. तो आकडा एका अटीवर दिलेला असतो आणि ती अट पडद्यावर कुठेच लिहिलेली नसते.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. एका मिनिटात, शरीराच्या दर किलो वजनामागे तुम्ही जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकता, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून, ट्रेडमिलवर दमछाक होईपर्यंत पळवून हे मोजतात. घड्याळ ते मोजत नाही, त्याचा अंदाज करतं. जीपीएसवरून तुमचा वेग कळतो आणि त्या वेगाला साधारण किती ऑक्सिजन लागतो हे ठाऊक असतं. मनगटावरच्या हिरव्या प्रकाशातून हृदयाचे ठोके कळतात. ते तुमच्या कमाल ठोक्यांच्या किती टक्के आहेत, यावरून तुम्ही क्षमतेच्या किती टक्के वापरत होतात हे ठरतं. मग उरतो साधा भागाकार. गार्मिनच्या घड्याळांतलं हे गणित मुळात फर्स्टबीट या फिनलंडमधल्या कंपनीचं. २०२० साली गार्मिनने त्या कंपनीचा हा व्यवसायच विकत घेतला.

पहिली गफलत या भागाकारातच होते. समजा, ४२ वर्षांचा एक धावपटू आहे. त्याने घड्याळात फक्त वय भरलं. ‘२२० वजा वय’ हा जुना ठोकताळा वापरला, तर कमाल ठोके १७८ येतात. प्रत्यक्षात त्याचं हृदय १६८ च्या वर जातच नाही. हा फरक मुळीच विचित्र नाही, कारण त्या ठोकताळ्यापासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणारी माणसं भरपूर असतात. आता तो किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाने धावतो आणि ठोके १४५ असतात. या वेगाला अंदाजे २८.७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो असं धरू. घड्याळाच्या लेखी १४५ म्हणजे कमालीच्या ८१ टक्के, म्हणजे ऑक्सिजनच्या हिशेबात क्षमतेच्या सुमारे ७० टक्के. २८.७ भागिले ०.७०, उत्तर ४१. खऱ्या १६८ च्या हिशेबाने मात्र तो ८६ टक्क्यांवर, म्हणजे क्षमतेच्या सुमारे ७७ टक्क्यांवर धावत होता. उत्तर ३७.

चार अंकांचा फरक किरकोळ वाटतो. पण मॅरेथॉनच्या वेळेत रूपांतर केलं, की ४१ ला येतात ३ तास ४५ मिनिटं आणि ३७ ला ४ तास ५ मिनिटं. सेटिंगमधल्या दहा ठोक्यांनी वीस मिनिटं बहाल केली! खरे कमाल ठोके ठोकताळ्यापेक्षा जास्त असतील, तर चूक उलट दिशेने होते आणि घड्याळ निराशावादी ठरतं. पण अशा घड्याळाबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

समजा, कमाल ठोके अगदी अचूक भरले. तरीही मॅरेथॉनचा आकडा बहुधा आशावादीच निघतो, आणि त्याचं कारण जास्त खोल आहे. व्हीओटू मॅक्सवरून वेळ काढण्याची प्रसिद्ध पद्धत जॅक डॅनियल्स आणि जिमी गिल्बर्ट यांनी १९७९ साली मांडली. कंपन्या आपलं नेमकं सूत्र उघड करत नाहीत. पण विचार त्याच वळणाचा आहे. शर्यत जितका वेळ चालेल, तितका क्षमतेचा कमी टक्का माणूस टिकवू शकतो, असं हे सूत्र सांगतं. दहा-अकरा मिनिटांच्या शर्यतीत जवळजवळ शंभर टक्के, तासाभराच्या शर्यतीत नव्वदच्या थोडं खाली. पुढे हा टक्का घसरत जातो आणि ऐंशीला येऊन थांबतो. सूत्राची रचनाच अशी आहे की तो ऐंशीच्या खाली जाऊच शकत नाही. सव्वादोन तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्या कसलेल्या धावपटूला हे लागू पडतं. पाच तास रस्त्यावर असणाऱ्या माणसाकडूनही सूत्र तीच ऐंशी टक्क्यांची अपेक्षा करतं, आणि तिथे ते कोसळतं. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा संपत आलेला असतो, मांड्या ठेचून निघालेल्या असतात, ऊन चढलेलं असतं. हृदय आणि फुप्फुसं तयार असली, तरी पाय साथ देत नाहीत.

दुसरी पद्धत शर्यतीवरून शर्यतीचा अंदाज बांधते. पीट रीगेल या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ साली ती मांडली: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता २.०८५ पट होते. दोन तासांत हाफ मॅरेथॉन धावणाऱ्याला यातून ४ तास १० मिनिटं मिळतात. अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६ साली दोन हजारांहून जास्त हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. हाफपर्यंत सूत्र चांगलं चाललं. मॅरेथॉनला मात्र निम्म्या लोकांच्या बाबतीत ते किमान दहा मिनिटांनी जलद निघालं.

आता ती न लिहिलेली अट. गार्मिनच्या माहितीपुस्तिकेत ती सापडते: शर्यतीसाठी लागणारा योग्य सराव तुम्ही केलेला आहे, असं गृहीत धरलेलं असतं. आठवड्यात तीनदा सहा-सहा किलोमीटर झपझप धावणाऱ्याचा व्हीओटू मॅक्स उत्तम येऊ शकतो. पण दमसास वेगळा. तो तीस किलोमीटरच्या लाँग रनमधून आणि आठवड्याच्या एकूण अंतरातून येतो. अलीकडची घड्याळं सरावाचा इतिहासही विचारात घेतात, आणि शर्यतीचा मार्ग भरला तर काही मॉडेल चढ आणि हवामानही धरतात. त्यामुळे आकडा जमिनीवर येतो, पण पूर्ण नाही. मुंबईत पहाटे पाचला सुटलेला, साडेचार तास घेणारा धावपटू शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ चढतो, तेव्हा सूर्य चांगलाच वर आलेला असतो आणि हवेत समुद्राचा दमटपणा असतो.

आपलं घड्याळ कितपत फुगवतंय, हे पाहायचं तर आधी पाच किलोमीटरचा अंदाज तपासा. सपाट रस्त्यावर, थंड सकाळी, जीव तोडून पाच किलोमीटर धावा. जमल्यास छातीवरचा पट्टा लावा, कारण मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतो. (हृदयाचा काही त्रास असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) पाचची वेळच घड्याळापेक्षा बरीच जास्त आली, तर दोष बहुधा कमाल ठोक्यांच्या आकड्यात आहे. शेवटच्या मिनिटात दिसलेले सर्वाधिक ठोके खऱ्या कमालीच्या बरेच जवळचे असतात. घड्याळातला आकडा त्यावरून दुरुस्त करा. पाचचा अंदाज जुळला आणि हाफमध्ये मात्र मागे पडलात, तर घड्याळ बरोबर आहे, दमसास कमी आहे.

मॅरेथॉनसाठी घड्याळाचा अंदाज बाजूला ठेवून आपल्या ताज्या हाफची खरी वेळ घ्या. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर होत असतील, तर तिची दुप्पट करून दहा-पंधरा मिनिटं मिळवा. तीस-चाळीसच होत असतील, तर पंचवीस-तीस. हा माझा अंगठेबाज हिशेब आहे, शास्त्र नव्हे. पण दोन तासांची हाफ असलेल्याने पहिले दहा किलोमीटर ३ तास ४५ मिनिटांच्या वेगाने काढण्यापेक्षा साडेचारच्या वेगाने काढलेले केव्हाही बरे.