धनुष्य, पिस्तूल, गोल्फ आणि क्रिएटिनचा डबा

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. आवाज एकोणीस वर्षांच्या मुलीचा. रिकर्व्ह धनुष्य मारते, ऑलिंपिकमध्ये असतं ते. ती म्हणते, "दादा, जिममधली सगळी पोरं क्रिएटिन घेतात. ट्रेनर म्हणतो तूही सुरू कर. पण आमच्या खेळात जोर कुठे लावायचाय? आम्हाला तर हात हलू द्यायचा नाहीये. घेऊन उलट हात थरथरला तर?"

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि त्याचं उत्तर "घे" किंवा "नको" असं एका शब्दात देता येत नाही. कारण 'हात स्थिर ठेवणं' ही एकच गोष्ट नाहीये. पिस्तुलवाल्याचा हात ज्या कारणाने हलतो, त्या कारणाने तिरंदाजाचा हलत नाही.

आधी दोन मिनिटं क्रिएटिनबद्दल. स्नायू आकसताना एटीपी नावाचं इंधन जळतं. त्याचा साठा इतका तुटपुंजा असतो की पूर्ण ताकदीने काम केलं तर दोन-तीन सेकंदांत संपेल. तो झटपट परत भरायचं काम स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन करतं, पण तेही सगळा जोर लावला तर साधारण दहा सेकंदांपुरतंच. मग थांबलात की काही मिनिटांत पुन्हा भरतं. डब्यातली पावडर घेतली की हा राखीव साठा थोडा मोठा होतो. म्हणून बेंच प्रेसला आठऐवजी नऊ रेप्स निघतात, सहाव्या स्प्रिंटला पाय कमी ढेपाळतात. बस, एवढंच. नसा शांत करणं, हृदयाचे ठोके कमी करणं, थरथर थांबवणं यातलं काहीही त्याच्या कामाच्या यादीत नाही. थरथर वाढवणंही नाही, त्यामुळे त्या भीतीचं उत्तर इथेच झालं.

आता नेमबाजी घ्या. १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन नियमाने जास्तीत जास्त दीड किलो. हात समोर धरायचा, काही सेकंदांत ट्रिगर, मग हात खाली. असे ६० शॉट्स, सव्वा तासात. तुमच्या खांद्याच्या ताकदीच्या मानाने दीड किलो म्हणजे किरकोळ काम. तरीही पिस्तुलाची नळी हलते. का? एक, हृदयाचा प्रत्येक ठोका हातापर्यंत धक्का पोचवतो. दोन, श्वास. तीन, प्रत्येक माणसाच्या हातात असते ती नैसर्गिक बारीक थरथर, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. आणि अंतिम फेरीत छाती धडधडायला लागली की यातलं बहुतेक सगळं वाढतं.

हे किती खरं आहे ते बघायचं असेल तर बंदी घातलेल्या औषधांची यादी उघडा. नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर या औषधांना स्पर्धेत तर बंदी आहेच, स्पर्धा नसतानाही आहे. ही खरं तर रक्तदाबाची, हृदयाची औषधं. ठोके कमी करतात, थरथर कमी करतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याचं ५० मीटर पिस्तुलातलं रौप्य आणि १० मीटरमधलं कांस्य, दोन्ही काढून घेतलं गेलं. या खेळात कुणाला लबाडी करायची असली तर तो काय घेईल, हे त्यातून कळतं. क्रिएटिन त्या यादीत नाही, कधी नव्हतंही. म्हणजे पिस्तूल किंवा एअर रायफलवाला असशील तर रेंजवरच्या गुणांसाठी क्रिएटिनचे पैसे वाचव. जिममध्ये फिटनेस म्हणून घ्यायचं असेल तर तो वेगळा विषय.

रायफलवाल्यांसाठी एक बारीक सूचना. क्रिएटिन स्नायूत पाणी ओढून घेतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत वजन किलोभर तरी वाढू शकतं. तुमचं ते जाड, कडक जॅकेट अंगाबरोबर शिवलेलं असतं. सीझनच्या मध्यात अंगाची भावना बदलून घ्यायची काहीच गरज नाही.

आता आपल्या ताईकडे येऊ, कारण रिकर्व्ह धनुष्यात गोष्ट बदलते.

तिचं धनुष्य ३६ पाउंडांचं आहे, म्हणजे पूर्ण ताणल्यावर बोटांवर सव्वासोळा किलोच्या आसपास ओढ. दोरी हनुवटीखाली आणायची, तिथे धरायची, पाठीने आणखी किंचित ताणत राहायचं, बाणाचं टोक क्लिकरखालून सुटलं की 'टक्' आवाज, आणि बाण सोडायचा. ७० मीटरवरच्या पात्रता फेरीत असे ७२ बाण. सरावाला दिवसाला २०० मारते म्हणाली. गुणाकार करा, तीन हजार किलोंहून जास्त ओढणं झालं. याला कोण म्हणेल 'जोर नाही लागत'?

आणि स्थिरतेचा धागा इथेच ताकदीला जोडला जातो. कोणताही स्नायू त्याच्या कमाल ताकदीच्या जितक्या जवळ काम करतो, तितका त्याचा जोर वर-खाली होतो. भरलेली बादली एका हाताने उचलून धरा, मग अर्धी रिकामी करून धरा, फरक दिसेल. तेव्हा आकडा बघायचा तो धनुष्याचा नाही, धनुष्य तुमच्या कमाल ताकदीच्या किती टक्के आहे त्याचा.

मी तिला घरी मोजायला सांगितलं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घ्यायचा, त्याला न ताणणारी दोरी बांधायची, दोरीची लांबी आपण पूर्ण ताणून उभे राहतो तेवढी. मग धनुष्य धरल्यासारखी उभी राहून काटा तीन सेकंद जितका ओढता येईल तितका ओढायचा. तीन वेळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. तिचा आकडा आला साडेचोवीस किलो, म्हणजे ५४ पाउंड. ३६ भागिले ५४, म्हणजे ६७ टक्के. तिला पुढच्या सीझनला ४० पाउंडांवर जायचंय. आजच्या ताकदीवर ते ७४ टक्के पडेल. तिला ४० पाउंड आजच्या ३६ इतकेच 'जड' वाटायला हवे असतील तर कमाल ओढ ६० पाउंडांवर जायला हवी, म्हणजे ११ टक्के वाढ.

ही वाढ कशाने होणार? मुख्यतः रोइंग, पुल-अप आणि धनुष्यावरच्या होल्डने. पूर्ण ताणून ३० सेकंद धरायचं, मिनिटभर सोडायचं, पुन्हा धरायचं. क्रिएटिन इथे मागच्या दाराने येतं. जिममधल्या प्रत्येक सेटला एखादा रेप जास्त निघतो, आणि दोन-तीन महिन्यांत त्याची बेरीज थोडी जास्त ताकद अशी दिसते. व्यायाम बंद आणि नुसती पावडर सुरू, तर धनुष्याला काहीही कळणार नाही. स्पर्धेच्या दिवशी बाणागणिक फायदा होईल हेही डोक्यातून काढा. एक बाण म्हणजे काही सेकंदांचं काम, तेही कमाल जोराच्या खाली, आणि मध्ये विश्रांती. तेवढ्यासाठी नेहमीचा साठा पुरतो.

कंपाउंड धनुष्यवाले, तुमचं गणित वेगळं. तुमच्या चाकांमुळे पूर्ण ताणल्यावर बहुतेक भार उतरतो. सुरुवातीचा झटका तेवढा मोठा. त्यामुळे निशाण धरतानाच्या स्थिरतेत ताकदीचा वाटा रिकर्व्हपेक्षा बराच कमी.

पण थांबा. ताईचा खरा अडथळा ताकद आहे का, हे आधी बघायला हवं. त्यासाठी स्कोअरशीट पुरते. ७२ बाण म्हणजे सहा-सहाचे १२ एंड. पहिले चार आणि शेवटचे चार बाजूबाजूला ठेवा. सुरुवातीला बाण एकत्र आणि शेवटी विस्कटलेले, क्लिकर वाजायला उशीर लागतोय, धनुष्याच्या बाजूचा खांदा कानाकडे चढतोय, सोडताना हात किंचित पुढे सरकून बाण खाली जातायत, तर दमणूक आहे. तिथे ताकदीचं काम आणि त्याच्या जोडीला क्रिएटिन, दोन्हीला अर्थ आहे. याउलट सरावात बाराही एंड छान आणि स्पर्धेत पहिल्याच एंडला बाण चारी दिशांना, तर अडचण छातीतल्या धडधडीची आहे, तिथे डबा उघडून उपयोग नाही. ताईच्या तीन शीट मी पाहिल्या. तिन्हींत नवव्या एंडनंतर घसरण. म्हणजे तिच्या बाबतीत पहिला प्रकार.

मग घ्यायचं कसं? साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, जेवणाबरोबर घेतलं तर पोटाला बरं. रोज २० ग्रॅमचं 'लोडिंग' केलं तर साठा आठवड्यात भरतो, नाही केलं तर तीन-चार आठवड्यांत. पोट बिघडवून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ताई शाकाहारी आहे. क्रिएटिन आहारात मांस-मासळीतून येतं, म्हणून शाकाहारी लोकांच्या स्नायूत साठा मुळात कमी असतो आणि पावडरीने जास्त भरतो. सुरुवात मात्र सीझन संपल्यावर, पुढच्या स्पर्धेच्या निदान तीन महिने आधी. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि रक्ततपासणीला गेलात तर क्रिएटिन घेतो हे सांगा, कारण रिपोर्टमधला क्रिएटिनिनचा आकडा त्याने थोडा वर दिसू शकतो आणि उगाच घरभर घबराट होते.

हात थरथरण्याची भीती कुठून आली, ते मला तिच्या ट्रेनरने सुचवलेल्या डब्याचा फोटो बघून कळलं. ते क्रिएटिन नव्हतंच, 'प्री-वर्कआउट' होतं. क्रिएटिन त्यात होतं, पण एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम कॅफिनही होतं. दोन-तीन कप कडक कॉफी एका घोटात. त्याने ठोके वाढतात, बोटं थरथरतात, आणि बदनाम होतं क्रिएटिन. मी स्वतः एअर पिस्तूल मारायचो तेव्हा हाच घोटाळा केलाय. सकाळी तसलंच पेय पिऊन रेंजवर गेलो आणि दुपारपर्यंत काळ्या वर्तुळाच्या बाहेरचे शॉट्स मोजत बसलो. तेव्हा डब्यावर घटक एकच हवा. त्यातून स्पर्धा खेळणाऱ्यांनी इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखी बॅचची तपासणी झालेलाच घ्यावा, कारण भेसळीतून बंदीचं काही पोटात गेलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

गोल्फवाल्यांचं थोडक्यात. तुमच्या एकाच बॅगेत दोन खेळ आहेत. ड्रायव्हर म्हणजे स्फोटक जोर, तिथे जिमसोबत घेतलेल्या क्रिएटिनने चेंडू थोडा लांब जाण्याची शक्यता आहे. पटर म्हणजे पिस्तूल, तिथे शून्य. कुठले फटके जास्त वाया जातात ते स्कोअरकार्डवर बघा आणि ठरवा.

ताईला मी सांगितलंय, प्री-वर्कआउटचा डबा परत दे. सीझन संपला की साधं मोनोहायड्रेट ३ ग्रॅम, आठवड्यातून तीन दिवस रोइंग आणि होल्ड, आणि दर चार आठवड्यांनी तोच काटा, तीच दोरी. ५४ चे ५७ झाले की धनुष्याला दोन पाउंड वाढव, त्याआधी नाही. बारा आठवड्यांनी ती नवी स्कोअरशीट पाठवणार आहे. नवव्या एंडनंतर काय झालं ते तेव्हा इथेच वाचून दाखवेन.