मोसंबीच्या उक्त्या सौद्यातील विजेत्याचा शाप

मराठवाड्यात मोसंबीची विक्री मुख्यतः दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत बागायतदार फळे तोडून पैठण तालुक्यातील पाचोड किंवा जालना येथील बाजारात नेतो. तेथे माल समोर असतो, त्याचे वजन होते आणि टनाच्या दराने बोली लागते. दुसऱ्या रीतीत फळे झाडावर असतानाच संपूर्ण बहार एकरकमी, म्हणजे उक्ता, विकला जातो. व्यापारी येऊन बाग पाहतात, आपापला अंदाज बांधतात व एक आकडा सांगतात. ज्याचा आकडा सर्वांत मोठा त्याच्याकडून इसार घेऊन बाग त्याला दिली जाते. या दुसऱ्या रीतीत अनुभवी व्यापाऱ्यांच्या एका वर्तनाचा उलगडा होणे अवघड जाते. बागेत चाळीस टन माल आहे असे ज्याला मनापासून वाटते, तोही बोली मात्र चौतीस टनांच्या हिशेबाने लावतो. ही केवळ घासाघीस आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः या कपातीचा बराचसा भाग नफेखोरीचा नसून गणिताचा आहे.

प्रथम लिलावांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. जुनी हिमरू शाल लिलावात निघाली, तर प्रत्येक ग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत त्याच्या स्वतःच्या आवडीवर अवलंबून असते. जो सर्वांत अधिक बोलतो त्याला ती बहुधा सर्वांत अधिक हवी असते आणि आपल्याला शाल किती आवडते याविषयी त्याची चूक होण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. अशा लिलावास वैयक्तिक मूल्याचा लिलाव म्हणता येईल. मोसंबीच्या बागेची गोष्ट निराळी आहे. झाडांवर जितका माल आहे तितकाच तो कोणाच्याही हाती पडणार, आणि तो त्याच बाजारात त्याच दराने विकला जाणार. मूल्य सर्वांना समान आहे. भिन्न आहेत ते फक्त त्याविषयीचे अंदाज. हा समान मूल्याचा लिलाव होय.

अंदाज चुकतात कसे, हेही पाहणे इष्ट आहे. आठशे झाडांची बाग घेतली आणि प्रत्येक झाडावर सरासरी अडीचशे फळे, दर फळाचे वजन दोनशे ग्रॅम असे धरले, तर एकूण माल चाळीस टन भरतो. परंतु व्यापारी सर्व झाडे मोजत नाही. तो काही ओळी फिरतो, पाल्याआड दडलेली फळे नजरेने अजमावतो आणि तोडणीपर्यंत किती फळगळ होईल याचा तर्क करतो. दर झाडामागे सदतीस-अडतीस फळांची चूक झाली, तरी एकूण हिशेबात सहा टनांचा फरक पडतो.

आता एक साधे उदाहरण घेऊ. प्रत्येक व्यापाऱ्याचा अंदाज खऱ्या मालापेक्षा जास्तीत जास्त सहा टनांनी कमी वा सहा टनांनी अधिक असू शकतो, या मर्यादेतील प्रत्येक चूक सारखीच संभवनीय आहे आणि एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून नाही, असे मानू. तोडणी व वाहतूक वजा जाता टनामागे २०,००० रुपये हाती येतात असेही धरू. खरा माल ४० टन, म्हणजे ८ लाख रुपयांचा आहे; पण ते कोणालाच ठाऊक नाही. पाच व्यापारी आले, तर त्यांचे अंदाज सरासरीने ३६, ३८, ४०, ४२ आणि ४४ टन असे विखुरलेले असतील. पाचांची सरासरी बरोबर ४० येते, म्हणजे समूह म्हणून त्यांची काहीही चूक नाही. परंतु बाग समूहाला मिळत नाही. ती ४४ टन म्हणणाऱ्याला मिळते. समजा, प्रत्येकाने स्वतःच्या नफ्यासाठी दोन टन सोडून बोली लावली. तर विजेत्याची बोली ४२ टनांची, म्हणजे ८ लाख ४० हजार रुपयांची होईल आणि ४०,००० रुपये नफ्याऐवजी तेवढाच तोटा त्याच्या वाट्याला येईल. यालाच विजेत्याचा शाप म्हणतात. येथे कोणाचाही अंदाज पक्षपाती नव्हता. दोष निवडीत आहे: लिलाव हा सर्वांत आशावादी चूक शोधून काढणारा व्यवहार आहे.

यावरून विवेकी व्यापाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न निश्चित होतो. ‘माझ्या अंदाजाप्रमाणे माल किती?’ हा तो प्रश्न नव्हे. ‘माझा अंदाज सर्वांत मोठा ठरला असेल, तर माल किती असेल?’ हा खरा प्रश्न होय. कारण बोलीची रक्कम त्याला तेव्हाच भरावी लागते, जेव्हा तो जिंकतो. आणि जिंकणे ही स्वतःच एक प्रतिकूल बातमी असते. व्यापाऱ्यांची संख्या न मानल्यास वरील उदाहरणात सर्वांत मोठ्या अंदाजातील सरासरी चूक ६ × (न − १) ÷ (न + १) टन इतकी येते. तीन व्यापारी असतील तर ती तीन टन, पाच असतील तर चार टन आणि अकरा असतील तर पाच टन. स्पर्धक जितके अधिक, तितका विजेत्याचा अंदाज सत्यापासून दूर.

ही दुरुस्ती केल्यावर विजेता केवळ ना नफा ना तोटा या पातळीवर येतो. नफ्यासाठी त्याला आणखी कपात करावी लागते, आणि त्या कपातीला स्पर्धेची मर्यादा पडते. प्रत्येकजण इतरांच्या वर्तनाचा विचार करून आपल्या हिताची बोली लावतो असे धरून गणित मांडले, तर या उदाहरणात समतोलाची बोली जवळजवळ ‘स्वतःचा अंदाज वजा सहा टन’ अशी निघते. पाच व्यापाऱ्यांच्या सौद्यात त्यांपैकी चार टन शापाच्या निवारणासाठी व दोन टन नफ्यासाठी असतात. विजेता ३८ टनांची, म्हणजे ७ लाख ६० हजारांची बोली लावतो व सरासरीने ४०,००० रुपये मिळवितो. तीन व्यापारी असतील तर वाटणी तीन-तीन टनांची होते. अकरा असतील तर पाच आणि एक. स्पर्धा वाढली की नफ्याची कपात घटते, परंतु शापनिवारणाची कपात तेवढ्याच मापाने वाढते, आणि एकूण कपात सहा टनच राहते. स्पर्धक वाढले की प्रत्येकाने बोली चढवावी, हा वैयक्तिक मूल्याच्या लिलावातील नियम येथे लागू पडत नाही.

सहा टनांपासून ढळण्यात व्यापाऱ्याचा लाभ का नाही, हे पडताळून पाहता येते. पाच व्यापाऱ्यांत तो सरासरीने पाचांतून एकदा जिंकतो. तेव्हा दर सौद्यामागे, हरलेले सौदे धरून, त्याला सरासरी ८,००० रुपये मिळतात. इतरांनी सहा टनांची कपात ठेवली असता एखाद्याने चारच टन कापले, तर तो अधिक वेळा जिंकेल. पण वाढीव विजय नेमके महाग पडलेल्या बागांचे असल्याने ही सरासरी सुमारे ४,७०० रुपयांवर येते. उलट आठ टन कापले, तर प्रत्येक विजयातील नफा वाढतो, परंतु विजय विरळ होऊन सरासरी सुमारे ५,९०० रुपये पडते.

या विषयाचे शास्त्रीय विवेचन रॉबर्ट विल्सन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आरंभिले. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल व्यवसायातील तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांत कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो, याची मीमांसा याच तत्त्वाने केली. १९८३ मध्ये बेझरमन व सॅम्युएलसन यांनी विद्यार्थ्यांपुढे ८ डॉलर मूल्याच्या वस्तूंनी भरलेल्या बरण्या ठेवून बोली मागविल्या. विद्यार्थ्यांचे सरासरी अनुमान ५.१३ डॉलर, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच होते. तरी विजयी बोलींची सरासरी १०.०१ डॉलर निघाली. शाप टाळणे तर्काने सोपे असले, तरी अनुभवाने अवघड आहे, एवढे यावरून दिसते.

प्रत्यक्ष सौद्यांत हा शाप ओळखावयाचा तर एका विजेत्याचा तोटा हा पुरावा होत नाही; विवेकी व्यापाऱ्यालाही एखाद्या बागेत खोट येतेच. अनेक सौद्यांतील विजेत्यांचा सरासरी परतावा पाहिला पाहिजे. स्पर्धकांच्या संख्येबरोबर तो घटत जाऊनही शून्याच्या वर राहत असेल, तर बोली विचारपूर्वक लागत आहेत. तो शून्याखाली जात असेल, तर शाप कार्य करीत आहे. मात्र सर्वांची चूक एकाच दिशेची असेल, उदाहरणार्थ सर्वांनीच फळगळ कमी धरली असेल, तर तो निराळा दोष होय. त्यावर वरील कपात हा उपाय नव्हे.

व्यापारी फसला तर बागायतदाराचे काय बिघडते, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर इसाराच्या रकमेत आहे. समजा, इसार १ लाखाचा आहे आणि तोडणीपूर्वी फळगळ होऊन माल ३५ टनांवर, म्हणजे ७ लाखांवर आला. ज्याने ८ लाख ४० हजारांची बोली लावली होती त्याला आणखी ७ लाख ४० हजार भरून ७ लाखांचा माल घ्यावयाचा आहे. इसार सोडून निघून जाणे त्याला स्वस्त पडते. ज्याने ७ लाख ६० हजारांची बोली लावली त्याला ६ लाख ६० हजार भरावयाचे असतात. एकूण व्यवहारात खोट आली तरी तो माल उचलतो. पहिल्या प्रसंगी बागायतदाराजवळ इसार राहतो. पण पक्व फळे झाडावर, इतर व्यापारी दुसऱ्या बागांत गुंतलेले आणि नवा ग्राहक पहिल्याने सौदा का मोडला हे जाणून असलेला, अशी त्याची अवस्था होते. म्हणजे सर्वांत मोठा आकडा स्वीकारताना बागायतदार बहुधा सर्वांत अधिक चुकलेल्या, आणि म्हणून सौदा मोडण्याची सर्वाधिक शक्यता असलेल्या माणसाची निवड करीत असतो.

उपाय कपातीच्या कारणातच आहे. कपात अनिश्चिततेच्या मापाने होते. अनिश्चितता घटली की ती घटते. बागायतदाराने झाडांची नोंद दाखविली, काही ओळींतील फळांची मोजणी सर्व व्यापाऱ्यांसमक्ष करविली आणि त्यायोगे चुकीची मर्यादा सहा टनांवरून दीड टनावर आली, तर पाच व्यापाऱ्यांच्या सौद्यात विजेत्याचा सरासरी नफा दोन टनांवरून अर्ध्या टनावर येतो. बागायतदाराला ३८ ऐवजी ३९॥ टनांचे मूल्य, म्हणजे ३०,००० रुपये अधिक मिळतात. वजनावर विक्री करणे हे याच दिशेचे पुढचे पाऊल होय: तेथे मालाच्या प्रमाणाविषयी अंदाजच उरत नाही. मात्र तोडणी, वाहतूक व बाजारभावातील चढउतार यांचा भार त्या रीतीत बागायतदारावर येतो. उक्ता सौदा की वजनावर विक्री, याचा निर्णय तो भार आणि व्यापाऱ्याची कपात यांच्या तुलनेवर अवलंबून आहे. केवळ सर्वांत मोठ्या आकड्यावर नव्हे.