शेअर बाजार समजून घेताना : दहा हजारांची भिंत

गेल्या आठवड्यात आपण लिमिट ऑर्डर आणि स्टॉप-लॉस यांतला फरक पाहिला. लिमिट ऑर्डर म्हणजे ‘या भावाला मिळालं तर घे किंवा वीक’ आणि स्टॉप-लॉस म्हणजे ‘भाव इथवर गेला तर मला बाहेर काढ’. आज या दोन्ही ऑर्डरी कुठे साचतात ते पाहू. उत्तर सोपं आहे : राउंड फिगरला. पण तिथे त्या नेमक्या कशा बसलेल्या असतात, हे कळल्याशिवाय त्या उत्तराचा उपयोग नाही.

सुरुवात कापसापासून करू, कारण जालना जिल्ह्यात हा अनुभव घरोघरी आहे. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये क्विंटल होता आणि २०२२ च्या सुरुवातीला बाजारात दहा हजारांचा भाव निघाला. पुढे तो आणखी वर गेला. मात्र अनेकांचा कापूस तोवर विकून झाला होता. पुढच्या हंगामात मग भोकरदन असो की घनसावंगी, एकच वाक्य ऐकू यायचं : ‘दहा हजार झाल्याशिवाय काढायचा नाही.’ नऊ हजार आठशेही नाही आणि दहा हजार दोनशेही नाही. सरकीचा भाव, गाठींची निर्यात, परदेशातले दर यांतून कुणी हिशेब केला असता तर आकडा काहीही निघाला असता. बरोबर दहा हजार निघणं अवघड होतं. तो हिशेबाचा नव्हे, आठवणीचा आकडा होता.

घरात ठेवलेला तो कापूस म्हणजे दहा हजाराला लावलेली विक्रीची ऑर्डरच होती, फक्त कुठे नोंदवलेली नव्हती. समजा त्या हंगामात भाव खरंच दहा हजारांवर आला असता, तर काय झालं असतं? गावोगावच्या खोल्या एकाच आठवड्यात रिकाम्या झाल्या असत्या, जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागली असती आणि त्या आवकेनेच भाव तिथे अडला असता. प्रत्यक्षात ती वेळ आलीच नाही. भाव आठ हजारांच्या आसपास रेंगाळला आणि उन्हाळ्यात साडेसात हजारांच्याही खाली गेला. साठवलेल्या कापसाने घरात अंगाला खाज सुटत होती, खरीप तोंडावर आला होता, बियाण्याला पैसे लागत होते. शेवटी लोकांनी मिळेल त्या भावाला कापूस काढला.

शेअर बाजारात हेच घडतं, पण तिथे ऑर्डरी नोंदलेल्या असल्याने रचना उघड दिसते. समजा एका शेअरचा भाव ४९५ वरून ४९९.८५ रुपयांवर आला आहे आणि तो वर चालला आहे. तुमच्या मोबाइलवरच्या मार्केट डेप्थमध्ये विक्रीच्या बाजूला ४९९.९० ला ८०० शेअर, ४९९.९५ ला १,२०० शेअर आणि ५०० ला एकदम ४०,००० शेअर दिसतात. ५००.०५ ला पुन्हा जेमतेम ६०० असतात. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण चित्र असंच असतं. टारगेट ठरवताना बहुतेकांच्या मनात पाचशेच येतात.

आता नियम आठवा. एक्स्चेंजवर आधी चांगल्या भावाची ऑर्डर लागते आणि भाव सारखा असेल तर जी आधी आली ती आधी. तुम्ही पाचशेला विक्री लावली असेल, तर तुमच्यापुढे चाळीस हजार शेअरची रांग आहे. भाव पाचशेला आला, पंचवीस हजार शेअर विकले गेले, घेणारे संपले आणि भाव ४९४ ला परतला. ‘भाव तर पाचशे लागला होता, मग माझे शेअर का नाही गेले?’ हा प्रश्न नवख्या माणसाला हमखास पडतो. गेले नाहीत, कारण नंबरच आला नाही. ४९९.७० ला लावले असते तर शेअरमागे तीस पैसे कमी मिळाले असते, पण काम झालं असतं.

ही झाली भिंतीची एक बाजू. दुसरी बाजू डेप्थमध्ये दिसत नाही. ज्यांनी मंदीचा सौदा केला आहे, त्यांचे खरेदीचे स्टॉप-लॉस पाचशेवर नसतात. ते पाचशेच्या किंचित पलीकडे, ५००.५० किंवा ५०१ ला असतात. ‘पाचशे तुटले तर आपलं चुकलं’ असा त्यामागचा विचार. ट्रिगर लागेपर्यंत या ऑर्डरी बाजूला पडून असतात. म्हणून चाळीस हजारांची रांग एकदा खाल्ली गेली की पुढे विकणारे थोडे आणि अचानक जागे झालेले खरेदीदार बरेच, अशी स्थिती होते आणि भाव उडी मारतो. खाली येताना हेच उलट होतं : पाचशेला खरेदीच्या ऑर्डरी, आणि ४९९, ४९८ ला विक्रीचे स्टॉप-लॉस.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ कॅरोल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडच्या परकीय चलनाच्या हजारो ऑर्डरी तपासून २००३ साली हीच रचना दाखवून दिली. नफावसुलीच्या ऑर्डरी राउंड फिगरवर आणि स्टॉप-लॉस तिच्या जरा पुढे. भाव तिथे का अडतो आणि अडथळा ओलांडल्यावर का पळतो, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यात आहे.

निर्देशांकाचं थोडं वेगळं आहे. निफ्टी थेट विकत घेता येत नाही, त्यामुळे तिथली गर्दी फ्युचर्समध्ये आणि ऑप्शनच्या हजार, पाचशेच्या स्ट्राइकवर होते. सप्टेंबर २०२३ मधले तीन दिवस पाहा. ११ तारखेला निफ्टीने पहिल्यांदा २०,००० ला स्पर्श केला आणि १९,९९६ वर बंद झाला. १२ ला तो २०,११० पर्यंत जाऊन १९,९९३ वर बंद झाला. १३ ला २०,०७० वर बंद झाला, म्हणजे भिंत ओलांडली. सेन्सेक्सही २१ जानेवारी २०२१ ला पन्नास हजारांना शिवून खाली बंद झाला आणि ३ फेब्रुवारीला पहिल्यांदा त्यावर टिकला.

यावरून ‘शिवण्यावर नव्हे, बंद भावावर विश्वास ठेवा’ असा नियम सांगितला जातो. नियम बरा आहे, पण अर्धाच. तोच निफ्टी पुढे २०,१९२ वर बंद झाला आणि २६ ऑक्टोबरला १८,८५७ वर बंद झाला. वीस हजार पुन्हा नोव्हेंबरअखेर दिसले. राउंड फिगर भावाला काही तास किंवा काही दिवस अडवते. महिन्याभराची दिशा ती ठरवत नाही. डेप्थमधली भिंतही खरी असेलच असं नाही : मोठी ऑर्डर क्षणात रद्द करता येते, शिवाय मोठे खेळाडू आपली पूर्ण संख्या उघड करत नाहीत. भाव जवळ येताच भिंत पातळ होत असेल, तर विकणाऱ्याला विकायचंच नव्हतं असं समजावं.

कापसाच्या बाजारात मात्र डेप्थ नाही. किती कापूस दहा हजारांची वाट पाहत घरात आहे, हे जिनिंगवाल्याला अंदाजाने कळतं, शेतकऱ्याला कळत नाही. म्हणून विक्री ठरवताना गावात सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा आधी ऐकून घ्या आणि आपला निम्मा माल तरी त्या आकड्याच्या दोन-तीनशे रुपये अलीकडे काढा. पुढच्या आठवड्यात स्टॉप-लॉस नेमका कुठे लावावा ते पाहू.