गावच्या वाचनालयासाठी वितरकाला मागणीपत्र

गावातल्या वाचनालयासाठी मराठी वाचनपुस्तके घाऊक मागवणारे शिक्षकाचे पत्र हे मुळात व्यवहाराचे पत्र असते. खरेदी कोणाच्या नावावर होणार, कोणत्या वाचकांसाठी कोणती पुस्तके आणि किती प्रती हव्यात, रक्कम किती आहे, माल कुठे उतरवायचा, एवढे वितरकाला त्यातून समजायला हवे. प्रत्यक्षात अशा पत्रांत वाचनसंस्कृतीवर दोन परिच्छेद असतात आणि शेवटी ‘तरी कृपया चांगली पुस्तके पाठवावीत’ असे असते. पुस्तके विकत हवीत की देणगी म्हणून, हेही त्यावरून उमगत नाही. वितरकाकडून मग एक छापील सूची आणि तयार ‘सेट’चे दरपत्रक येते, आणि पत्रव्यवहार तिथेच थांबतो.

पहिला प्रश्न सहीचा. शाळेचे ग्रंथालय आणि गावचे सार्वजनिक वाचनालय या दोन वेगळ्या संस्था आहेत, मग पुस्तके एकाच खोलीत असली तरी. शाळेची खरेदी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या प्रकारानुसार ५,००० ते २०,००० रुपयांच्या दरम्यान ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, पण तो पैसा शाळेचा असतो. सार्वजनिक वाचनालय १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेले असेल तर ते अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात मोडते, त्याची नोंदणी वेगळी असते आणि हिशेबही वेगळा. शिक्षक त्या वाचनालयाचा कार्यवाह असेल तर पत्र वाचनालयाच्या कागदावर, जावक क्रमांक घालून आणि कार्यवाह म्हणून सही करून जायला हवे. शाळेच्या शिक्क्याने मागवलेल्या पुस्तकांचे बिल शाळेच्या नावावर येते, पैसे वाचनालयाच्या खात्यातून जातात आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षक दोन्हीकडे आक्षेप घेतो. मान्यता नसलेले, समाजमंदिरात लोकवर्गणीवर चालणारे वाचनालय असेल, तर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या नावाने बिल घ्यावे लागते. ते कोणाच्या नावाने, हे पत्रातच लिहिलेले बरे.

पत्राचा खरा गाभा म्हणजे यादी, आणि तिथेच शिक्षकाचे ज्ञान वितरकाच्या ज्ञानाहून जास्त उपयोगी पडते. वितरकाला प्रकाशक आणि किंमत ठाऊक असते. तिसरीतली निम्मी मुले जोडाक्षरापाशी अडखळतात, हे त्याला ठाऊक नसते. मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर पहिला डोंगर असतो तो काना-मात्रा-वेलांटीचा आणि दुसरा जोडाक्षरांचा. म्हणून ‘पहिली ते चौथीसाठी गोष्टींची पुस्तके’ या मागणीला फारसा अर्थ नसतो. पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप आणि शक्यतो जोडाक्षरे टाळलेली किती पुस्तके, सलग परिच्छेद वाचू शकणाऱ्यांसाठी किती आणि प्रकरणे पाडलेली लांब गोष्ट पेलणाऱ्यांसाठी किती, अशी विभागणी हवी. इयत्ता लिहू नये असे नाही, पण ती कंसात राहिलेली बरी. सहावीतला मुलगा पहिल्या पायरीवर असू शकतो, आणि त्याच्या हाती ‘पहिलीसाठी’ असे छापलेले पुस्तक दिले की तो ते उघडत नाही.

पायऱ्यांची ही भाषा काही प्रकाशकांनी स्वतःच रूढ केली आहे. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर चार पातळ्या असतात. पहिलीत मजकूर साधारण २५० शब्दांच्या आत, दुसरीत ६००पर्यंत, तिसरीत १,५००पर्यंत आणि चौथीत त्याहून लांब. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीतही आहे. तिची चित्रे उत्तम असतात, पण भाषांतराची भाषा काही पुस्तकांत जड झालेली आढळते, तेव्हा ती दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर ठेवणे योग्य. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मुळात मराठीतच घडलेली असल्याने बोलण्याच्या लयीत वाचता येतात. त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ बालगट आणि कुमारगटासाठी आहे आणि एका प्रतीवर चार-पाच मुलांना बसवून वाचायला सोयीचे पडते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते. ते वितरकाच्या यादीत घालण्यापेक्षा थेट वर्गणी भरून मागवावे.

‘घाऊक’ म्हणजे नेमके काय, याचा गोंधळ दोन्ही बाजूंना होतो. विक्रेत्याच्या दृष्टीने एका पुस्तकाच्या पन्नास प्रती म्हणजे घाऊक. वाचनालयाला मात्र बहुधा पुष्कळ वेगवेगळी पुस्तके हवी असतात आणि प्रती थोड्या. पातळ चित्रपुस्तकांच्या तीन प्रती ठेवाव्यात, कारण ती लवकर फाटतात आणि एकाच वेळी तिघांना हवी असतात. जाड गोष्टींच्या पुस्तकाची एक प्रत पुरते. याला अपवाद एकच. सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचण्याचा तास घ्यायचा असेल, तर एखाद्या पुस्तकाच्या पंधरा-वीस प्रती मागवाव्यात.

उदाहरणासाठी कोकणातल्या साठ मुलांच्या एका गावाचा अंदाज मांडता येतो. हाताशी रक्कम १२,००० रुपये. पहिल्या पायरीची ४० पुस्तके, प्रत्येकी तीन प्रती, सरासरी किंमत ५० रुपये धरली तर ६,००० रुपये होतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची ३० पुस्तके, एकेक प्रत, सरासरी १२० रुपये, म्हणजे ३,६००. एकत्र वाचनासाठी ६० रुपयांच्या एका पुस्तकाच्या १५ प्रती, ९०० रुपये. नव्याने वाचू लागलेल्या बायाबापड्यांसाठी मोठ्या टाइपातली १५ पुस्तके, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे १,५००. छापील किमतीने एकूण १८० प्रती आणि १२,००० रुपये. यावर वीस टक्के सूट मिळाली तर बिल ९,६०० रुपयांचे होते. छापील पुस्तकांवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे वर काही चढत नाही. वाहतूक, कव्हरांचा प्लास्टिक कागद आणि चिकटपट्टी यांना ९०० रुपये धरले तरी १,५०० शिल्लक राहतात. ही रक्कम त्याच पत्रात संपवू नये. कोणती पुस्तके सतत बाहेर असतात हे तीन महिन्यांनी कळते आणि तेव्हा त्यांच्याच आणखी प्रती मागवता येतात.

हा हिशेब समोर असला की पत्र एका पानात मावते. त्याचा मजकूर साधारण असा होतो:

‘विषय : मराठी वाचनपुस्तकांचे दरपत्रक मिळण्याबाबत. महोदय, आमच्या वाचनालयासाठी सोबतच्या यादीप्रमाणे ८६ पुस्तकांच्या एकूण १८० प्रती खरेदी करावयाच्या आहेत. प्रत्येक पुस्तकापुढे छापील किंमत, सूट आणि उपलब्धता लिहून दरपत्रक पाठवावे. यादीतील पुस्तक शिल्लक नसल्यास पर्यायी पुस्तकाचे नाव व पातळी कळवावी. लेखी होकाराशिवाय पर्याय पाठवू नये. पॅकिंग व वाहतूक खर्च वेगळा दाखवावा. बिल वाचनालयाच्या नावे हवे. माल मिळून तपासणी झाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम बँकेतून जमा केली जाईल. माल ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तालुक्याच्या एसटी स्थानकावर पार्सलने पाठवावा.’

यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पायरी आणि प्रती एवढे रकाने पुरतात. प्रकाशकाचे नाव गाळू नये. लोककथांच्या पुस्तकांची नावे सर्रास सारखी असतात आणि भलतेच पुस्तक येऊ शकते. हेच पत्र दोन-तीन वितरकांना पाठवावे. सर्व दरपत्रके एकाच यादीवर असली तरच त्यांची तुलना होते. ट्रस्ट किंवा बालभारतीसारख्या प्रकाशनांवर वितरकाला स्वतःलाच कमी कमिशन सुटते, त्यामुळे त्यांवर सूट कमी दिसली तर त्यात काही काळेबेरे मानायचे कारण नाही.

काळेबेरे असते ते उलट्या बाजूला, भरमसाठ सुटीत. पन्नास-साठ टक्के सूट जाहीर केलेल्या ‘ग्रंथालय सेट’मध्ये किमतीच फुगवलेल्या असण्याचा संभव मोठा. जाड कागद, विरळ ओळी, चौसष्ट पाने आणि छापील किंमत दोनशे, असे पुस्तक दिसले की सूट वजा करूनही ते महागच पडते. छापील किमतीवर चिकटवलेली नवी चिठ्ठी ही दुसरी खूण. तिसरी अशी की सेटमधल्या सगळ्या पुस्तकांवर एकच प्रकाशक आणि एकच वर्ष असते, लेखक अनोळखी असतात आणि विषय थोरांची चरित्रे. चरित्रे वाईट नव्हेत, पण एकाच थोर पुरुषाची चार चरित्रे एका कपाटात कोणी वाचत नाही. न खपलेला माल खपवायला वाचनालय ही सोयीची जागा आहे, कारण तिथून परत काही येत नाही. म्हणून नमुन्याच्या दोन-तीन प्रती आधी मागवाव्यात, त्यांचे पैसे द्यावे लागले तरी.

बांधणीचा उल्लेखही पत्रात हवा. मधोमध पिना मारलेली पातळ पुस्तके स्वस्त असतात आणि दोरीवर टांगून ठेवता येतात. मुलांना मुखपृष्ठ दिसते, त्यामुळे ती उचलली जातात. कोकणातल्या दमट हवेत मात्र पिना गंजतात आणि दोन पावसाळ्यांत मधले पान सुटते. अशा गावी पिना काढून जाड दोऱ्याने शिवून घेणे हा साधा उपाय आहे. नुसत्या डिंकाने चिकटवलेली जाड पुस्तके पूर्ण उघडली की पाने सुटतात, म्हणून वारंवार हाताळली जाणारी पुस्तके शिलाई बांधणीची मागवावीत. माल पावसाळ्यानंतर मागवण्याचे कारणही हेच, कारण ओले खोके एसटी स्थानकावर दोन दिवस पडून राहिले तर वरच्या थरातली पुस्तके फुगतात. पत्र मार्चमध्ये पाठवणेही टाळावे. वर्षअखेरीला अनुदान खर्ची टाकण्यासाठी सगळीकडूनच मागण्या येतात, आणि तेव्हा हाताशी जे असेल ते खोक्यात भरले जाते.

माल आला की बिल, चलन आणि यादी समोर ठेवून प्रत्येक प्रत उघडून पाहावी. नुसती संख्या मोजून भागत नाही. एखादा फर्मा दोनदा लागलेला असतो, एखादा उलटा, कुठे आठ पाने कोरी. असे दोष बांधणीत होतात आणि सदोष प्रत वितरक बदलून देतो, पण दाखल क्रमांकाचा शिक्का मारण्याआधी कळवले तरच. शिक्का मारलेले पुस्तक परत घ्यायला कोणी तयार होत नाही. तपासणी झाल्यावर दाखल नोंदवहीत नोंद, बिलावर दाखल क्रमांक आणि मग रक्कम अदा, हा क्रम पाळावा. कमी आलेल्या किंवा बदलून हव्या असलेल्या प्रतींचे पैसे रोखून बाकीचे बिल चुकते करावे आणि तसे एका ओळीच्या पत्राने कळवावे. दाखल नोंदवहीत छापील किंमत आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत अशा दोन्ही लिहून ठेवल्या, की पुढच्या वर्षीचे दरपत्रक कशाशी ताडून पाहायचे ते शोधावे लागत नाही.