अर्धं काम कड्याचं, अर्धं जागेचं

मुंबईतल्या बाणगंगेच्या काठी उभं राहून पाण्यातल्या माशांचा फोटो काढायला गेलं, की बहुतेक वेळा मासे सोडून आकाशच येतं. त्यावरचा उपाय म्हणजे पोलरायझिंग फिल्टर. पण फिल्टर लावून गरागरा फिरवला तरी आकाश जात नाही, अशी तक्रार हमखास ऐकू येते. दोष बहुधा फिल्टरचा नसतो, उभं राहण्याच्या जागेचा असतो.

उन्हातला प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. पाण्यावर तिरपा आपटून परतताना मात्र त्यात आडवी थरथर जास्त उरते. फिल्टर नेमकी हीच अडवू शकतो. १८०८ मध्ये पॅरिसात एतिएन-लुई मालुस हे स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन पाहत होते. स्फटिक फिरवताच ते ऊन मंद-तेज होताना त्यांना दिसलं. पुढे ब्रूस्टर यांनी कोन शोधला: पाण्यावरच्या लंबाशी सुमारे ५३ अंश असताना चकाकी जवळजवळ पूर्ण पुसता येते.

कोनमापक नको. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर सुमारे २ मीटर पुढच्या पाण्याकडे रोखावा. पायरीवर बसून उंची पाऊण मीटर झाली, तर एक मीटर पुढे. पायाखालच्या पाण्यात सरळ खाली पाहिलं तर कडं कितीही फिरवा, फरक शून्य.

आता कडं. आधी फोकस करून घ्यावा, कारण काही जुन्या लेन्समध्ये फोकस करताना पुढचा भागच फिरतो आणि लावलेला फिल्टर बिघडतो. मग पडद्यावर पाहत कडं सावकाश फिरवायचं. चकाकी सर्वांत कमी झाली की थांबायचं. तिथून ९० अंश पुढे ती सर्वांत जास्त दिसते, आणि १८० अंशांवर पुन्हा कमी. कॅमेऱ्यामागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवलेलं बरं, म्हणजे फिल्टर आट्यांतून सुटून पाण्यात पडत नाही. कॅमेरा आडव्याचा उभा केला, की कडं नव्यानं जुळवावं लागतं.

दुकानाच्या काचेपुढे हाच हिशोब पालटतो. उभ्या काचेवरून बाजूनं आलेल्या चकाकीची थरथर उभी असते, म्हणून तळ्यावर जुळवलेलं कडं इथे ९० अंश फिरवावं लागतं. काचेपासून एक मीटरवर उभं राहून दीड मीटर बाजूच्या ठिकाणी नेम धरावा. समोरासमोर उभं राहिलं तर स्वतःचंच प्रतिबिंब येतं आणि फिल्टर हात टेकतो. तेव्हा लेन्स काचेला टेकवून भोवती काळं कापड धरणं अधिक उपयोगी.

या सगळ्यात प्रकाशाचा एक ते दोन स्टॉप बळी जातो. संध्याकाळी हात हलला, तर मासे चकाकीविना, पण धूसर येतील. चांदीच्या भांड्यावरची झळाळी या फिल्टरनं जात नाही, आणि बाणगंगेचं हिरवट पाणी नितळही होत नाही.